साठ फोटो, पाच मिनिटांचा अभंग आणि समेची जागा

प्रश्न: पुढच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये नातेवाईक आणि तिच्या शाळेतल्या बाई जमणार आहेत, तेव्हा दाखवायला स्लाइडशो करतोय. ६० फोटो आहेत, तिला आवडणारा एक अभंग आहे, ५ मिनिटांचा. फोनवरच्या ॲपमध्ये केलं तर फोटो धडाधड येतात, डोकी कापली जातात, काही फोटो हलताना थरथरतात आणि गाण्याशी कशाचाच मेळ नाही. लॅपटॉपवर DaVinci Resolve हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलंय. फोटो सावकाश जवळ येणं, सरकणं हे गाण्याच्या लयीत कसं बसवायचं?

उत्तर:

आधी फोटो बाजूला ठेवा आणि गाणं घेऊन बसा. बहुतेक जण उलटं करतात. साठ फोटो ओळीने लावतात, ५ मिनिटांना ६० ने भागतात, प्रत्येकाला ५ सेकंद देतात आणि खाली गाणं सरकवतात. मग फोटो मात्रेच्या मधेच कुठेतरी बदलतो. प्रेक्षकांना काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण घाई झाल्यासारखं वाटत राहतं.

अभंग असल्यामुळे तुमचं काम सोपं आहे. भजनी ठेका ८ मात्रांचा. या आठांची एक फेरी म्हणजे आवर्तन, आणि त्याची पहिली मात्रा म्हणजे सम, ती दर फेरीला आपसूक कानात भरते. घड्याळ लावून मोजा. लय मिनिटाला ८० मात्रांची असेल तर ८ मात्रांचं आवर्तन बरोबर ६ सेकंदांचं होतं. एका फोटोला हा वेळ उत्तम. ओळखीचा चेहरा दिसायला, तो कधीचा हे आठवायला आणि शेजारी बसलेल्या मावशीकडे एकदा बघायला सहा सेकंद पुरतात.

मात्र हिशेब कागदावर करून थांबू नका. मैफलीतल्या ध्वनिमुद्रणात लय शेवटाकडे चढते. सुरुवातीला ८० असलेली शेवटी ९६ वर गेली, तर आवर्तन ६ सेकंदांवरून ५ वर येतं. म्हणजे पहिल्या मिनिटात मोजलेले आकडे चौथ्या मिनिटात कामाचे नाहीत. म्हणून Resolve मध्ये गाणं टाइमलाइनवर टाका, डोळे मिटून ऐका आणि प्रत्येक समेला M दाबा. गाणं चालू असतानाच तिथे खूण पडते. बोट कानाच्या तीन-चार फ्रेम मागे पडतं, तेव्हा नंतर ध्वनीची आकृती मोठी करून बघा. डग्ग्याचा आघात उंच टोकासारखा दिसतो, त्या टोकावर खूण सरकवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

टाइमलाइन बनवण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, कारण एकदा सामग्री आत गेली की ती बदलता येत नाही: फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं. आपल्याकडे सवयीने २५ ठेवतात. तुमचा कार्यक्रम लॅपटॉपवरून प्रोजेक्टरवर चालणार, आणि ते दोन्ही सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतात. २५ फ्रेम ६० मध्ये समान वाटल्या जात नाहीत. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. चालत्या-बोलत्या दृश्यात ते खपून जातं, पण सावकाश सरकणाऱ्या फोटोत चाल अडखळते. ३० ठेवा. प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसेल.

आता थरथर. साधा फोटो घ्या, ६ सेकंदांत ८ टक्के जवळ आणा. पडदा १९२० पिक्सेल रुंद, त्यामुळे डावी-उजवी कड प्रत्येकी साधारण ७७ पिक्सेल बाहेर सरकते. ६ सेकंद म्हणजे १८० फ्रेम. म्हणजे कडेचा बिंदू एका फ्रेममध्ये अर्धा पिक्सेलसुद्धा हलत नाही. जे ॲप पूर्ण पिक्सेलमध्येच हिशेब करतं, ते दोन फ्रेम चित्र जागेवर ठेवतं आणि तिसरीला टुणकन एक पिक्सेल सरकवतं. तीच तुम्हाला दिसलेली थरथर. Resolve अपूर्णांकात हिशेब करतं, तिथे हा त्रास नाही. खात्री करायची तर साडीच्या काठाची बारीक रेघ किंवा चष्म्याची दांडी बघा, चूक असली तर तिथे आधी कळते. चेहऱ्यावर ती लपते.

यावरून वेगाचं माप कळेल. मी सेकंदाला सव्वा ते पावणेदोन टक्क्यांच्या पुढे जात नाही. ६ सेकंदांच्या फोटोला ८ टक्के, १२ सेकंदांच्या फोटोला जास्तीत जास्त २०. ऐकायला कमी वाटतं, आणि एकट्याने लॅपटॉपवर बघताना तुम्हाला वाटेल की काही हलतच नाही. तसंच वाटू द्या. हॉलमध्ये दहा फुटी पडद्यावर तेच ८ टक्के पुरून उरतात.

Resolve मध्ये फोटो निवडून Inspector मध्ये Dynamic Zoom चालू करा. मग Viewer च्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या यादीतून Dynamic Zoom निवडलं की फोटोवर दोन चौकटी दिसतात: हिरवी सुरुवातीची, लाल शेवटची. तयार मिळणारी झूम आपल्या कामाला जास्त होते, म्हणून लहान चौकट ओढून जवळजवळ मोठीएवढी करा. दिशा उलटी हवी असेल तर Swap.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सांभाळली नाही तर बाकीचं सगळं बरोबर असूनही फोटो अंगावर येतो. झूम आपोआप पडद्याच्या मध्याभोवती होते. आईचा चेहरा मात्र बहुतेक फोटोंत मध्यावर नसतो, वर आणि एका बाजूला असतो. मध्याभोवती जवळ गेलात की चेहरा कडेकडे घसरत जातो, बघणाऱ्याची नजर त्याच्यामागे ओढली जाते. दोन्ही चौकटी अशा बसवा की डोळे दोन्हींत सारख्याच प्रमाणात असतील: हिरवीत डोळे वरून एक तृतीयांशावर आणि डावीकडून दोन पंचमांशावर असतील तर लालमध्येही तिथेच. मग भोवतालचं हलतं, नजर मात्र जागेवर राहते, आणि माणूस आपल्याकडे बघत जवळ येतोय असं वाटतं.

डोकी कापली जाण्याचं कारण वेगळं आहे. फोनचा आडवा फोटो ४ ला ३ असतो, पडदा १६ ला ९. पडदा भरायचा तर उंचीतला बरोबर पाव भाग जातो आणि ॲप तो वरून आणि खालून सारखा कापतं. उभ्या माणसाचं कपाळ वर असतं, ते जातं. Resolve मध्ये फोटो पूर्ण बसवा, Zoom १.३४ करा आणि Position Y ने फोटो खाली घ्या, म्हणजे सगळा कट पायांकडून जाईल. उभे फोटो मात्र भरायला जाऊ नका. ते गडद, एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवा. पार्श्वभूमीसकट एकच चित्र तयार करून मग आत आणा, याचं कारण पुढे येईल.

आता वितळण. एक फोटो विरघळत दुसरा उमटतो तेव्हा दोन्ही चालते राहायला हवेत. बरेच जण झूमला सुरुवातीला आणि शेवटी हळू होणारी चाल देतात, पाठ्यपुस्तकात ती चांगली म्हणून सांगितलेली असते. साठ फोटोंच्या मालिकेत त्याचा परिणाम असा होतो की प्रत्येक फोटो सुटतो, ब्रेक मारतो, थांबतो, मग दुसरा सुटतो. सिग्नलला अडकलेल्या रिक्षेसारखं. मधल्या सगळ्या फोटोंना Dynamic Zoom Ease मध्ये Linear ठेवा, चाल एकसारखी. फक्त पहिल्या फोटोला सुरुवातीला आणि शेवटच्याला शेवटी हळू करा.

वितळणीसाठी कटावर तयार ट्रान्झिशन टाकण्यापेक्षा मी फोटो दोन ट्रॅकवर आलटून पालटून ठेवतो. पहिला, तिसरा, पाचवा खाली, दुसरा, चौथा वर, आणि शेजारचे एक सेकंद एकमेकांवर. वरच्या ट्रॅकवरच्या फोटोच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या पांढऱ्या खुणा आत ओढल्या की तो हळूहळू उमटतो आणि विरतो. खालच्यांना काही करायचं नाही. तयार ट्रान्झिशनमध्ये एक धोका असतो: हाताने लावलेली चाल कटापाशी संपते आणि अर्धी वितळण गोठलेल्या चित्रावर होते. दोन ट्रॅकवर चाल फोटोच्या दिसण्याच्या पूर्ण वेळावर पसरलेली असते.

उभ्या फोटोला पार्श्वभूमी आधीच चिकटवायला सांगितलं ते याचसाठी. वरच्या ट्रॅकवर उभा फोटो आला आणि त्याच्या बाजू पारदर्शक राहिल्या, तर खालचा फोटो दोन्ही बाजूंनी दिसत राहतो आणि त्याचा वेळ संपला की फटकन नाहीसा होतो. असं झालं तर काय बिघडलंय ते आता ओळखाल.

ही वितळण समेशी कशी लावायची? माझा अनुभव असा की समेवर नवा चेहरा बऱ्यापैकी आलेला हवा. वितळण समेवर सुरू केली तर फोटो सतत उशिरा आल्यासारखा वाटतो. एक सेकंद म्हणजे ३० फ्रेम, त्यातल्या २० समेच्या आधी आणि १० नंतर. ठेका डग्ग्यावर येतो तेव्हा नवा फोटो दोन तृतीयांश उमटलेला असतो.

आणि वितळण बघताना मधोमध थांबून त्या क्षणाचं चित्र नक्की बघा. माझ्या मावशीसाठी केलेल्या पहिल्या स्लाइडशोत दोन सलग फोटोंत चेहरे पडद्याच्या एकाच जागी होते, एक तिचा, एक काकांचा. वितळताना अर्धा सेकंद तिसराच कुणीतरी दिसला, चार डोळ्यांचा. हॉलमध्ये एक लहान मूल मोठ्याने हसलं, आणि ती चूक माझ्याशिवाय कुणाची नव्हती. चेहरे एकाच जागी येत असतील तर मध्ये घर, अंगण, देवघर असा माणूस नसलेला फोटो घाला किंवा एकाची चौकट बाजूला सरकवा.

आता तुमच्या ५ मिनिटांवर हे बसवून बघू. आकडे तुमच्या गाण्यात थोडे बदलतील, पद्धत तीच. समजा सुरुवातीला २४ सेकंद नुसता आलाप आहे, तानपुऱ्यावर, ठेका नाही. तिथे मोजायला मात्रा नाही, श्वास आहे. दोनच फोटो ठेवा, प्रत्येकी १२ सेकंद, आणि गायक श्वास घेतो तिथे बदल करा. मग ठेका सुरू होतो. पहिली २८ आवर्तनं ६ सेकंदांची. त्यात २० फोटो बसवा: १२ फोटोंना एकेक आवर्तन आणि ८ फोटोंना दोन-दोन. पुढे लय चढते आणि २० आवर्तनं ५-५ सेकंदांची होतात. लय वाढली म्हणून फोटोही पळवायचे हा मोह इथे सगळ्यांना होतो. मी नेमकं उलट करतो, प्रत्येकाला दोन आवर्तनं. म्हणजे दहा फोटो, प्रत्येकी १० सेकंद. ठेका द्रुत झाला की टाळ, कोरस यांनी कान भरलेले असतात, तेव्हा डोळ्यांना निवांतपणा हवा. उरलेल्या ८ सेकंदांना शेवटचा एक फोटो. बेरीज ३३.

साठातले सत्तावीस बाहेर राहतील, आणि घरात यावरून वाद होईल. ते सत्तावीस हॉलच्या दाराशी एका फलकावर लावा.

कोणाला एक आवर्तन आणि कोणाला दोन, हे फोटोत बघायला किती आहे त्यावर. एकट्या चेहऱ्याला एक पुरतं. रामकुंडावरचा फोटो, आई पायरीवर बसलेली आणि मागे दुतोंड्या मारुती, याला दोन द्या. ४ बाय ६ इंचाची प्रत असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा, ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतील. सुरुवात आईच्या बाजूची ३००० पिक्सेल रुंद चौकट, शेवट पूर्ण ३६००. बारा सेकंदांत २० टक्के, म्हणजे मापाच्या आत. पहिल्या आवर्तनात नुसती आई दिसते, दुसऱ्यात मारुती हळूच चौकटीत येतो आणि नाशिकच्या माणसाला जागा कळते. हा फोटो मी ध्रुवपदावर परत येताना ठेवीन. अंतऱ्यात सूर वर चढतो तेव्हा जवळ जायचं, ध्रुवपदाला परतताना मागे यायचं, एवढा ढोबळ नियम मी पाळतो. दर फोटोला आलटून पालटून जवळ-लांब केलं तर झोपाळ्यावर बसल्यासारखं होतं.

शाळेच्या ग्रुप फोटोत सरकण्याचं खरं काम आहे. ८ बाय ६ इंचाची प्रत ६०० डीपीआयला ४८०० बाय ३६०० होते. इथे पहिला मोह असा की पडद्याएवढी, १९२० ची चौकट घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकावं. १२ सेकंदांत ती दीड पडदा अंतर तोडते, फ्रेमला ८ पिक्सेल. एकही चेहरा नीट दिसत नाही, सगळ्या बाई नुसत्या समोरून निघून जातात. चौकट ३२०० ची घ्या. मग सरकायला १६०० पिक्सेल उरतात, ते पडद्यावर ९६० होतात, म्हणजे १२ सेकंदांत अर्धा पडदा. यापेक्षा जोरात नको. आणि सरकणं आईपासून सुरू न करता आईवर संपवा. ती रांगेत डावीकडे असेल तर उजवीकडून डावीकडे या, बसलेल्या बाई आपापले चेहरे शोधत येतील आणि शेवटी सगळ्यांची नजर एकाच जागी पोचेल. या एका फोटोत मात्र चालीच्या शेवटी थोडा ब्रेक चालतो, Ease Out द्या.

उभ्या सरकण्यालाही हेच. हातांवरून, पदरावरून वर चेहऱ्याकडे या. चेहऱ्यावरून खाली उतरू नका, माणूस सोडून गेल्यासारखं दिसतं.

नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो आकसून येतात, लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेल. असा फोटो पडदाभर केला की आधीच जवळजवळ सव्वापट ताणला जातो, त्यात झूम, मग डोळ्यांच्या पापण्या मेणासारख्या दिसतात. शक्य असेल तर त्यांना तोच फोटो Document म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल येईल. नाहीच मिळाला तर पडद्याच्या रुंदीच्या ६५ टक्के आकारात गडद पार्श्वभूमीवर ठेवा. १६०० चा फोटो तिथे साधारण १२५० पिक्सेलमध्ये बसतो, ८ टक्के जवळ आणला तरी ताणला जात नाही. पासपोर्ट फोटोलाही हीच पद्धत, फक्त स्कॅन १२०० डीपीआयला.

हार घातलेला फोटो शेवटी येणार असेल तर त्याला अजिबात हलवू नका. ना झूम, ना सरकणं. पाच मिनिटं सगळं मंद हलत असतं, त्यानंतर स्थिर झालेलं चित्र आपोआप वेगळं पडतं. गाणं थांबल्यावरही तो दहा सेकंद शांततेत राहू द्या, खाली नाव आणि तिथी, मग काळोख.

निर्यात MP4, H.264, १९२० बाय १०८०, ३० फ्रेम, साधारण २०,००० Kb/s ने करा. आणि आदल्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन हॉलवर जाऊन या. प्रोजेक्टर जुना, ४ ला ३ चा असेल तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, ते ठीक आहे, पण कुणी रिमोटने चित्र ताणून भरू नये एवढं बघा, नाहीतर सगळे चेहरे उभट होतील. मोठा टीव्ही असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. तो मधल्या फ्रेम स्वतः बनवतो आणि वितळणीच्या वेळी चेहऱ्यांच्या कडा ओघळल्यासारख्या होतात. आलापाचा तानपुरा शेवटच्या रांगेत ऐकू येतो का ते तिथे उभं राहून ऐका. येत नसेल तर आवाज हॉलच्या स्पीकरवर वाढवू नका, ठेका सुरू झाला की कान फाटतील. घरी येऊन फक्त पहिले २४ सेकंद तीन-चार डेसिबलने चढवा आणि फाइल पुन्हा काढा.